कलम ७.२ च्या नोंदी: 'चार तास' म्हणजे नक्की कुणाचे?

३ मार्च २०२५, सोमवार

दूध संघाचा देखभाल करार १ एप्रिलला नव्याने करायचा आहे. बाकी कलमं जशीच्या तशी राहणार. फक्त ७.२ नव्याने लिहायचं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं आहे. ते योग्यच म्हणायचं, कारण तीन वर्षांपूर्वी ते वाक्य मीच लिहिलं होतं:

> "संघाने गंभीर तक्रार कळवल्यापासून कंपनी कामकाजाच्या ४ तासांत प्रतिसाद देईल व २४ तासांत तक्रार दूर करेल, मात्र वीज, इंटरनेट, सार्वजनिक सुट्टी व देखभाल यांमुळे आलेला खंड, ज्याची पूर्वसूचना दिली असेल, तो यातून वगळला जाईल."

तेव्हा वाचताना अगदी बरं वाटलं होतं. आता फेब्रुवारीतल्या एका तक्रारीवरून संघ दंड मागतो आहे, आमचे हिशेबनीस म्हणतात दंड बसतच नाही, आणि दोघंही बोट याच वाक्यावर ठेवतात.

नव्या माणसाने ही वही वाचली तर त्याच्यासाठी दोन ओळी. संघाच्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर आमचं सॉफ्टवेअर चालतं. काट्यावरचं वजन आणि यंत्रावरचं फॅट-एसएनएफ त्यात येतं, दर लागतो, शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. हे सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, वर्षाचे सगळे दिवस. म्हशीला रविवार नसतो. आमचं ऑफिस मात्र दहा ते सहा.

४ मार्च, मंगळवार

आज ती तक्रार घेऊन बसले. सपोर्टची नोंदवही, फोनच्या नोंदी आणि केंद्राच्या सचिवांचे मेसेज समोर ठेवले. घडलं ते असं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. १७:४० ला सचिवांनी आमच्या एका मुलाच्या खाजगी नंबरवर व्हॉट्सअॅप केलं की पावतीवर कालचाच दर येतोय. १८:०५ ला त्यांनी हेल्पलाइनला फोन केला, तो कुणी उचलला नाही. १९ ला शिवजयंती, आमची सुट्टी. त्या दिवशी गावात ६:०० ते ८:३० लाईट नव्हती. २० तारखेला १०:१५ ला आमच्याकडे तक्रार नोंदवली गेली, ११:३० ला आमच्या माणसाने सचिवांना फोन केला आणि १६:५० ला दर दुरुस्त झाला.

प्रतिसादाला किती वेळ लागला? आमचे हिशेबनीस तक्रार नोंदवल्यापासून मोजतात: १ तास १५ मिनिटं. संघाचे लेखापाल मेसेजपासून घड्याळ लावतात: ४१ तास ५० मिनिटं. मी मेसेजपासूनच पण आमच्या ऑफिसच्या वेळेत मोजून पाहिलं. १८ ची वीस मिनिटं, १९ ला सुट्टी, २० चे दीड तास, मिळून १ तास ५० मिनिटं, म्हणजे अजूनही चारच्या आत. मग 'कामकाज' म्हणजे संघाचं कामकाज धरलं, तर १८ च्या संध्याकाळी २ तास २० मिनिटं जातात आणि चार तास १९ च्या सकाळी ७:१० ला संपतात. त्यातून लाईट गेलेला वेळ वजा केला तर तेच चार तास १९ च्या संध्याकाळी १७:४० ला संपतात. आणि 'वगळला जाईल' म्हणजे अख्खी तक्रारच वगळली असं वाचलं, तर मोजायला काही उरतच नाही.

एक तक्रार आणि हिशेब सहा. त्यातला एकही मला ओढूनताणून काढलेला वाटत नाही, हे जास्त बोचतं.

'२४ तासांत तक्रार दूर' याचं तर विचारूच नका. 'कामकाजाच्या' हा शब्द फक्त चार तासांना लागतो की चोवीसलाही? लागत नसेल तर ४७ तास १० मिनिटं झाली आणि आम्ही चुकलो. लागत असेल तर आमच्या ऑफिसचे जेमतेम ७ तास १० मिनिटं.

५ मार्च, बुधवार

वकील साहेबांकडे अर्धा तास. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: मसुदा आपण लिहिला आहे, त्यामुळे शब्दाचे दोन अर्थ निघाले तर न्यायालय साधारणतः तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचतं. "मोघम ठेवलं म्हणजे आपल्याला वाव राहतो हे डोक्यातून काढा," म्हणाले. दंडाबद्दलही विचारलं. करारात रक्कम लिहिली तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे ती वरची मर्यादा असते, वाजवी भरपाई तिच्या आत ठरते. त्यामुळे दंडाच्या आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा मिनिटं कशी मोजायची ते आधी ठरवा, हा त्यांचा सल्ला मला पटला.

कामाची पद्धत ठरवली. सपोर्टच्या वहीतून गेल्या वर्षातल्या १४ तक्रारी काढायच्या. प्रत्येक मसुदा झाला की आमच्या सपोर्टच्या ताई आणि संघाचे लेखापाल यांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, त्या १४ तक्रारींची मिनिटं काढायची. आकडे जुळले नाहीत की चूक माझ्या वाक्याची. मसुदा वाचून "समजलं" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. मलाही माझं वाक्य समजलंच होतं.

७ मार्च, शुक्रवार

सुरुवात शेपटीपासून केली: "ज्याची पूर्वसूचना दिली असेल". ही सूचना कशाची? मला देखभालीची म्हणायची होती. पण वाक्यात ती 'खंड' या शब्दाला चिकटली आहे, आणि खंडात वीजही आहे, इंटरनेटही आहे. लेखापालांचं वाचन असं, की लाईट जाण्याची पूर्वसूचना तुम्ही दिली नव्हती, म्हणून ती वगळता येणार नाही. व्याकरणाने त्यांचं चुकत नाही.

वकील साहेबांनी यावर कॅनडातला एक खटला सांगितला. रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांमध्ये विजेच्या खांबांवरून तारा नेण्याचा करार होता. एका वर्षाच्या नोटिशीने करार संपवण्याची मुभा पहिल्या पाच वर्षांतही आहे की फक्त पुढच्या मुदतींना, हा वाद एका स्वल्पविरामावर येऊन अडला. तिथल्या दूरसंचार आयोगाने २००६ मध्ये स्वल्पविराम पाहून एका बाजूने निकाल दिला, आणि २००७ मध्ये त्याच कराराचा फ्रेंच मजकूर पाहून तो फिरवला. आमचाही करार मराठी आणि इंग्रजी असा दोन भाषांत आहे, आणि फरक पडला तर कोणता धरायचा हे त्यात कुठेच नाही. ते वेगळ्या कलमात घातलं: मराठी मजकूर प्रमाण. संचालक मंडळ मराठीच वाचतं, मग वाद इंग्रजीवर कशाला?

शेपूट कापली. आता प्रत्येक अपवादाला स्वतःचं वाक्य आणि अट त्याच वाक्यात. मजकूर तिप्पट झाला. होऊ दे.

१० मार्च, सोमवार

मसुदा १ ची परीक्षा. १४ पैकी ५ तक्रारींचे आकडे जुळले नाहीत.

तीन ठिकाणी भांडण 'गंभीर' या शब्दावर. तो मी काढून टाकून 'संकलन बंद' असा शब्द घेतला होता आणि त्याची व्याख्या लिहिली होती: "वजनाची नोंद, फॅट-एसएनएफची नोंद व पावतीची छपाई यांपैकी कोणतेही काम होत नसेल तर". मला वाटलं, चोख. ताईंनी वाचलं: तिन्हींतलं एखादं जरी अडलं तरी. लेखापालांनी वाचलं: तिन्ही अडली तर. गंमत म्हणजे लेखापालांचा अर्थ संघाच्याच तोट्याचा होता, म्हणजे मुद्दाम काही नव्हतं. 'कोणतेही' पुढे नकार आला की मराठीत ही खोड राहतेच. "यातलं कोणतंही फळ मला चालत नाही" म्हणणाऱ्याला आपण एक सोडून दुसरं देऊन बघत नाही.

नकारच काढला: "यांपैकी निदान एक काम बंद पडले असेल तर". आणि चुकीचा दर लागणं हेही चौथं काम म्हणून घातलं, कारण मूळ भांडणातली तक्रार या व्याख्येत बसतच नव्हती! पावती छापली जात होती, फक्त दर शिळा होता.

उरलेल्या दोन तक्रारी 'कळवल्यापासून' वर अडल्या. त्यातल्या एकीत सचिवांचा मेसेज होता: "परवापासून बंद आहे". नशीब, परवा हा मागचाच असणार. पण कोणत्या वेळचा?

१२ मार्च, बुधवार

संघाच्या ऑफिसात बैठक. घड्याळ कधी सुरू होतं यावर सव्वा तास गेला. आम्ही म्हटलं, पोर्टलवर तक्रार नोंदवली की. संघाचे सचिव म्हणाले, "पहाटे साडेपाचला रांगेत चाळीस माणसं कॅन घेऊन उभी असतात. आमचा माणूस दूध मोजेल का तुमचं पोर्टल उघडेल?" मुद्दा बिनतोड. पण पोरांच्या खाजगी नंबरवरचे मेसेज धरायला आम्ही तयार नव्हतो. पोरगं रजेवर असेल, फोन बंद असेल, नोकरी सोडून गेलेलंही असेल.

शेवटी त्यांच्याच एका संचालकांनी विचारलं, "मिस कॉल दिला तर चालंल का?" चालेल. हेल्पलाइनच्या यंत्रणेत न उचललेल्या फोनचीही वेळ आणि नंबर नोंदला जातो. केंद्राच्या नोंदलेल्या नंबरवरून रिंग आली की घड्याळ सुरू, उचलो वा न उचलो. लाईन व्यस्त लागली तर मात्र आमच्याकडे काहीच नोंद होत नाही, म्हणून तेवढ्यापुरता फोन करणाऱ्याच्या मोबाइलमधला कॉलचा स्क्रीनशॉट ग्राह्य.

'प्रतिसाद' लवकर मिटला. आपोआप जाणारा एसएमएस म्हणजे प्रतिसाद नव्हे. तक्रारीवर काम करू शकेल अशा माणसाने परत फोन करून तक्रार क्रमांक आणि पुढची पायरी सांगितली, तोच प्रतिसाद. समोरच्याने फोन उचलला नाही तर दहा मिनिटांच्या अंतराने दोन प्रयत्न केले की प्रतिसाद दिला असं धरायचं, वेळ पहिल्या प्रयत्नाची.

१३ मार्च, गुरुवार

आता खरं दुखणं. 'कामकाजाची वेळ' स्पष्ट लिहायला गेले आणि कळलं, की हा शब्द इतकी वर्षं एक गोष्ट झाकून होता: पहाटे पाच ते दहा आमच्याकडे माणूसच नाही. शब्द मोघम होता तोवर संघाला वाटायचं माणूस आहे, आम्हाला वाटायचं लागत नाही.

मालकांसमोर दोन पर्याय ठेवले. एक, 'कंपनीची वेळ १० ते १८' असं सरळ लिहायचं, म्हणजे सकाळच्या संकलनाला काहीच हमी नाही हे संघाला पहिल्यांदाच छापील दिसेल. दोन, रोज ५:०० ते २१:०० अशी मोजणीची वेळ द्यायची, दोन पाळ्या लावायच्या आणि महिन्याचं शुल्क वाढवायचं. मालक तासभर चिडले, माझ्यावर नाही, आकड्यांवर. मग दुसरा पर्याय घेतला. शुल्कावर त्यांचं आणि सचिवांचं काय बोलणं झालं ते या वहीत नको.

उद्या धुळवड. ऑफिस बंद, दूध चालू.

१७ मार्च, सोमवार

अपवाद. दिवसभर एकाच प्रश्नावर: 'वगळणे' म्हणजे काय? तक्रार मोजणीतून बाहेर काढायची, की तेवढी मिनिटं वजा करायची? पहिल्या अर्थाने दहा मिनिटं लाईट गेली तरी दोन दिवसांची दिरंगाई माफ होते. आमच्या बाजूने कुणी तसं म्हणणार नाही असं मला वाटत होतं, पण हिशेबनिसांनी फेब्रुवारीत तसंच म्हटलं होतं. 'वगळणे' हा शब्दच मसुद्यातून हद्दपार केला. आता 'वजा करणे', आणि वजा होतात ती मिनिटं.

लेखापालांनी फोनवर आणखी एक गाठ दाखवली. "१९ तारखेला सकाळी लाईट नव्हती, ती अडीच तासांची सूट तुम्ही घेणार. पण तेव्हा तुमचा माणूस तरी कुठं होता? लाईट असती तर काय केलं असतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत फोन करायला केंद्रावर लाईट लागत नाही. तेव्हा वीज आणि इंटरनेटचा वेळ प्रतिसादातून कधीच वजा होणार नाही. दुरुस्तीच्या वेळेतून होईल, तोही आमचा प्रतिसाद गेल्यानंतरचाच.

पुरावा कोणता? ताईंनी सुचवलं की केंद्राचं यंत्र सर्व्हरला दर पाच मिनिटांनी खूण पाठवतं, ती बंद झाली म्हणजे लाईट गेली. हे चालणार नाही. लाईट गेली, नेट गेलं किंवा आमचं सॉफ्टवेअर कोलमडलं, तिन्ही वेळा सर्व्हरवर दिसतं ते सारखंच. आपल्याच बिघाडाला आपण सूट घेऊ. त्याऐवजी बल्क कूलर असलेल्या केंद्रांवर जनरेटर कधी चालू केला, कधी बंद केला याची वही असतेच, डिझेलचा हिशेब लागतो म्हणून ती इमानदारीने लिहिली जाते. ती धरायची. जिथे अशी वही नाही तिथे सचिवांची सही असलेली नोंद. नोंद नसेल तर वजाबाकी नाही.

सुट्टीचा अपवाद उडाला. 'संकलन बंद' ला सुट्टीच नाही. बाकीच्या तक्रारींसाठी 'सार्वजनिक सुट्टी' हा शब्द न वापरता परिशिष्टात तारखा छापल्या. शासनाची यादी, बँकांची यादी आणि आमची यादी या तीन वेगळ्या आहेत.

२० मार्च, गुरुवार

मसुदा २ ची परीक्षा. १४ पैकी १३ जुळल्या. उरलेली तक्रार सकाळी 'अहवाल उघडत नाही' अशी साधी होती आणि संध्याकाळी त्याच बिघाडाने पावत्या थांबल्या. ताईंनी 'संकलन बंद' चं घड्याळ संध्याकाळपासून लावलं, लेखापालांनी सकाळपासून. एक ओळ वाढवली: पावत्या थांबल्याचा फोन आला त्या वेळेपासून नवी तक्रार.

मूळ भांडणातली तक्रारही नव्या मजकुराने मोजली. घड्याळ १७:४० च्या मेसेजने सुरू होत नाही, १८:०५ च्या न उचललेल्या फोनने होतं. १८ चे २ तास ५५ मिनिटं, १९ चे पूर्ण १६ तास, २० चे साडेसहा तास, मिळून प्रतिसादाला २५ तास २५ मिनिटं. मर्यादा एक तास. दुरुस्तीला ३० तास ४५ मिनिटं, मर्यादा आठ. दोघांचे आकडे मिनिटासकट एक आले आणि दोन्हींत आम्ही चुकलेलो. मालकांना कागद दाखवला. त्यांनी फेब्रुवारीचा दंड भरायला सांगितलं.

२४ मार्च, सोमवार

वकील साहेबांकडून परत आलेला मजकूर. त्यांनी दोन 'व' चे 'किंवा' केले आणि एक 'योग्य त्या कालावधीत' खोडलं, जे माझ्या हातून सवयीने आलं होतं.

> ७.२.१ वजनाची नोंद, फॅट-एसएनएफची नोंद, त्या दिवसाचा दर लागणे, पावतीची छपाई: एखाद्या केंद्रावर यांपैकी निदान एक काम बंद पडले असेल तर ती 'संकलन बंद' तक्रार होय.
>
> ७.२.२ केंद्राच्या नोंदलेल्या क्रमांकावरून हेल्पलाइनवर रिंग आल्याच्या मिनिटापासून वेळ मोजली जाईल, फोन उचलला गेला नाही तरीही. 'संकलन बंद' साठी रोज ०५:०० ते २१:०० एवढीच मिनिटे मोजली जातील. रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशीही ती मोजली जातील.
>
> ७.२.३ मोजलेल्या ६० मिनिटांच्या आत कंपनी प्रतिसाद देईल. मोजलेल्या ४८० मिनिटांच्या आत बंद पडलेले काम पुन्हा सुरू करेल. तात्पुरत्या उपायाने काम सुरू झाले तरी ते सुरू झाले असे धरले जाईल.
>
> ७.२.४ प्रतिसादाच्या वेळेतून काहीही वजा होणार नाही. काम सुरू करण्याच्या वेळेतून, प्रतिसादानंतरची पुढील मिनिटे वजा होतील: (अ) केंद्रावर वीज नसल्याची, (आ) केंद्रावर इंटरनेट नसल्याची, (इ) किमान ४८ तास आधी लेखी कळवलेल्या देखभालीची. एकाच वेळी दोन कारणे असतील तर ती मिनिटे एकदाच वजा होतील. (अ) व (आ) साठी केंद्रावरील वहीत सुरू आणि बंद अशा दोन्ही वेळांची नोंद नसेल तर वजाबाकी होणार नाही.

'तात्पुरत्या उपायाने' यावर संघाने कुरकुर केली. हाताने दर टाकून पावती काढणं त्यांना दुरुस्ती वाटत नाही. शेवटी मूळ दुरुस्तीला सात दिवसांची वेगळी मुदत दिली, ती ७.२.५ मध्ये. प्रतिसादाची व्याख्या आणि व्यस्त लाईनचा नियम परिशिष्टात.

२७ मार्च, गुरुवार

सह्या व्हायच्या होत्या, झाल्या नाहीत. केंद्रावर जाऊन आलेला आमचा मुलगा सहज बोलून गेला की तिथल्या यंत्राचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. जनरेटरची वही भिंतीवरच्या घड्याळाने लिहिली जाते, ते आणखी वेगळं. म्हणजे ६० मिनिटांच्या हमीत सात मिनिटांचं भांडण आम्ही आधीच पेरून ठेवलं होतं, आणि १४ तक्रारींच्या परीक्षेत ते कुणालाच दिसलं नाही, कारण आम्ही कागदावरच्या वेळा खऱ्या धरून चाललो होतो.

परिशिष्टात एक ओळ: फोनच्या वेळा हेल्पलाइनच्या यंत्रणेतल्या, वहीतल्या वेळा मोबाइलवर दिसणाऱ्या. भिंतीवरच्या घड्याळाने लिहू नये. सचिव म्हणाले, ही ओळ वहीच्या पहिल्या पानावरही चिकटवतो. चिठ्ठ्या छापायला दिल्या आहेत. गुढीपाडवा रविवारी आहे, त्यामुळे सह्या आता शनिवारी सकाळी, संकलन आटोपल्यावर.